नसलेली उधारी वजा कशी करायची?

पाच वजा उणे तीन म्हणजे आठ, असं मी फळ्यावर लिहिलं आणि नेहमीची गोष्ट सांगितली. समजा, तुमच्यावर कुणाची तरी तीन रुपयांची उधारी आहे. तो म्हणाला, जाऊ दे, नको देऊस. उधारी गेली, म्हणजे तुम्ही तीन रुपयांनी वर आलात. म्हणून पाचाचे आठ झाले. वर्ग सहावीचा, तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा, त्यामुळे माना लगेच डोलल्या. एकच मुलगी डोलली नाही. तिच्या वडिलांचं गावात किराणा दुकान होतं आणि संध्याकाळी गल्ल्यावर बसून उधारीची वही तीच लिहायची. ती उठून म्हणाली, "पण सर, त्याच्याकडं पाच रुपये आहेत एवढंच लिहिलंय. उधारी कुठं लिहिलीय? नसलेली उधारी काढायची कशी?"

इतकी वर्षं ही गोष्ट सांगत होतो, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मी "उद्या सांगतो" म्हणालो. शिक्षकाकडं दुसरं काही सुचत नसलं की हेच वाक्य असतं.

तिचा आक्षेप अगदी बरोबर होता. टोपलीत पाच आंबे असतील तर त्यातून तीन आंबे उचलता येतात, कारण ते तिथं दिसतात. पाच रुपये खिशात असतील तर त्यातून तीन रुपये काढता येतात. पण पाच रुपयांतून तीन रुपयांचं देणं कसं काढणार? खिशात हात घातला तर देणं हाताला लागत नाही. मी सांगितलेल्या गोष्टीत उधारी आधीपासून होती असं गृहीत होतं आणि फळ्यावरच्या गणितात तिचा पत्ताच नव्हता. मुलांनी मान डोलवली ती माझ्या गोष्टीला, गणिताला नव्हे.

उत्तर त्या मुलीच्याच वहीत होतं. दुकानदार स्वतःची स्थिती पाहतो तेव्हा फक्त गल्ला मोजत नाही. गल्ल्यात किती आहे आणि ठोक व्यापाऱ्याचं किती द्यायचं आहे, अशा दोन गोष्टी तो एकत्र पाहतो. गल्ल्यात ५ रुपये आणि देणं काहीच नाही, तर त्याची स्थिती ५. गल्ल्यात ६ रुपये आणि देणं १, तरी स्थिती ५. गल्ल्यात ८ रुपये आणि देणं ३, तरीही स्थिती ५च. (रुपये लहान घेतले आहेत. मागं दोन शून्यं लावून वाचलंत तर दुकान खरं वाटेल. माल, फर्निचर, दुसऱ्यांकडून येणं हे सगळं मात्र बाजूला ठेवू या.) म्हणजे "पाच" हा आकडा खिशातल्या नोटांचा नाही. देणंघेणं मिटवल्यावर जे आपलं म्हणून उरेल, त्याचा तो आकडा आहे आणि तो अनेक रूपांत येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला पुढं बोलावून पाच गोट्या दिल्या. मग म्हटलं, आता मैत्रिणीकडून तीन गोट्या उसन्या घे. हातात आठ गोट्या आल्या आणि तीन गोट्या द्यायच्या आहेत अशी चिठ्ठी तयार झाली. "तू श्रीमंत झालीस का?" "नाही सर, परत द्यायच्यात की." "गरीब झालीस?" "नाही." म्हणजे पाचच राहिली. उसनं घेतल्यानं माणूस ना वर जातो ना खाली. मग मैत्रिणीला ती चिठ्ठी फाडायला सांगितली. हातात आठ गोट्या आणि देणं शून्य. काढली ती फक्त उधारी, हातातली एकही गोटी हलली नाही, आणि पाचाचे आठ झाले.

तर उत्तर असं की आधी उधारी आणायची आणि मग ती काढायची. पाचामध्ये उधारी दिसत नसली तरी पाचाला धक्का न लावता ती आणता येते. मात्र अट एकच, ती एकटी येत नाही. तेवढंच धन सोबत घेऊन येते. तीन आणि उणे तीन मिळून शून्य, आणि शून्य मिळवल्यानं काही बदलत नाही. मग त्या जोडीतलं उणे तीन काढून टाकलं की मागं तिचा जोडीदार तीन उरतो. ५ − (−३) आणि ५ + ३ यांचं उत्तर एकच येतं ते यामुळं. पुस्तकात "संख्या वजा करायची म्हणजे तिची विरुद्ध संख्या मिळवायची" असं छापलेलं असतं. ती विरुद्ध संख्या म्हणजे मागं उरलेला हा जोडीदार.

इथं एक गोष्ट सुटता कामा नये. उधारी जाण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना "उधारी मिटली" असंच म्हणतो. गल्ल्यात ८ आणि देणं ३ असलेल्या दुकानदारानं ठोक व्यापाऱ्याला तीन रुपये मोजून दिले, तर गल्ल्यात ५ उरतात आणि देणं शून्य होतं. त्याची स्थिती आधीही ५ होती आणि आताही ५च आहे. डोक्यावरचा भार उतरला, झोप बरी लागेल, पण संख्यारेषेवर तो तसूभरही हलला नाही. कारण त्यानं उणे तीन काढलं तसं अधिक तीनही काढलं. गणितातली ऋण संख्येची वजाबाकी ही नव्हे. तिथं फक्त देणं जातं आणि बदल्यात काही जात नाही. व्यापाऱ्यानं देणं सोडून दिलं, किंवा वहीत चुकून दुसऱ्याच्या नावची नोंद आपल्या नावे पडली होती आणि ती खोडली, तर ती वजाबाकी होते.

वहीतली चुकीची नोंद हे मला तर कर्ज सोडून देण्यापेक्षाही चांगलं उदाहरण वाटतं, कारण तिथं कुणाच्या उदारपणाचा संबंध नाही. आमच्या घरी लहानपणी महिन्याची वही असायची. एकदा आमच्याच आडनावाच्या दुसऱ्या घरची साखर आमच्या खात्यावर पडली. आईनं ती नोंद खोडून घेतली. दुकानदारानं आईच्या हातात एक पैसाही दिला नाही, तरी महिनाअखेरीला घरात तेवढे पैसे जास्त उरले. खोटं उणं पुसलं गेलं, एवढंच.

महाराष्ट्रात या दोन्ही तऱ्हा एकाच कागदावर शेजारी शेजारी आल्या होत्या. २०१७ मध्ये राज्य सरकारनं छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आणली. तिच्यात पात्र थकबाकीदाराला दीड लाख रुपयांपर्यंत कर्जमाफी होती. ज्याचं कर्ज त्याहून जास्त होतं, त्यानं वरची रक्कम आधी स्वतः भरायची, मग दीड लाख माफ होणार, अशी एकरकमी परतफेडीची सोय होती. एक काल्पनिक शेतकरी घेऊ. त्याच्याकडं रोख ८०,००० रुपये आहेत आणि कर्ज २,१०,००० आहे. जमीन, बैल, घर हे मोजत नाही. ८०,००० मधून २,१०,००० गेले की त्याची स्थिती उणे १,३०,००० येते. संख्यारेषेवर तो शून्याच्या बराच डावीकडं उभा आहे.

आता त्यानं वरचे ६०,००० भरले. हातात २०,००० उरले, कर्ज १,५०,००० झालं. स्थिती किती? उणे १,३०,०००. पैसे गेले, कर्ज कमी झालं, पण तो होता तिथंच आहे. मग उरलेलं दीड लाख माफ झालं. हातात तेच २०,००० आहेत, कर्ज शून्य. स्थिती अधिक २०,०००. गणितात लिहायचं तर −१,३०,००० − (−१,५०,०००) = २०,०००. एका उडीत तो दीड लाख उजवीकडं आला आणि शून्य ओलांडून गेला. त्या उडीत त्याच्या हातात मात्र एक रुपयाही आला नाही. "माफी झाली म्हणता, पण हातात काय पडलं?" असं पारावर कुणी म्हणतं तेव्हा तो हातातलं मोजत असतो, स्थिती नव्हे. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळे आकडे आहेत. बी-बियाणं घ्यायला हातातलाच आकडा लागतो, हेही तितकंच खरं.

कुणाचं देणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं येणं, हेही वही लिहिणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. व्यापाऱ्यानं तीन रुपये सोडले तेव्हा दुकानदाराच्या बाजूला उणे तीनची वजाबाकी झाली आणि त्याच क्षणी व्यापाऱ्याच्या बाजूला अधिक तीनची. एकजण तीन वर, एकजण तीन खाली. दोघांची बेरीज होती तेवढीच राहिली. पैसा हवेतून येत नाही ही शंका ज्यांना असते, त्यांच्यासाठी हा हिशेब.

धन आणि ऋण हे शब्द आपण शाळेत संज्ञा म्हणून पाठ करतो, पण ते आले आहेत सावकारीच्या आणि व्यवहाराच्या भाषेतूनच. ब्रह्मगुप्तानं इसवी सन ६२८ मध्ये भिल्लमाळ इथं, म्हणजे आजच्या राजस्थानातल्या भीनमाळला, 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. ग्रंथ ज्योतिषाचा, पण त्याच्या अठराव्या अध्यायात त्यानं धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम पद्यात सांगितले. समान धन आणि ऋण मिळून शून्य होतं, हे त्यानं आधी सांगितलं. मग वजाबाकीकडं वळून तो सांगतो की शून्यातून ऋण काढलं तर धन होतं आणि शून्यातून धन काढलं तर ऋण होतं. धनातून ऋण किंवा ऋणातून धन काढायचं असेल तेव्हा दोन्हींचे आकडे मिळवायचे.

शून्यातून ऋण काढलं की धन. हे वाचताना त्या मुलीचा प्रश्न पुन्हा ऐकू येतो. शून्यात तर काहीच नाही, मग काढलं काय? पण ब्रह्मगुप्ताचं शून्य रिकामं नाही. समान धन आणि समान ऋण जिथं एकमेकांना फिटवतात ते त्याचं शून्य आहे, आणि असं असेल तर त्यातलं ऋण काढल्यावर धन उरणार हे उघड आहे. त्यानं कारण लिहून ठेवलेलं नाही, नियम तेवढा दिला आहे. कारण नियमांच्या क्रमात दिसतं, असं मी समजतो.

आता संख्यारेषा. व्हरांड्यातल्या फरशीवर खडूनं रेष ओढली, मधोमध शून्य, उजवीकडं १ ते १०, डावीकडं उणे १ ते उणे १०. मुलं त्यावर चालू लागली की गणित पायांत उतरतं. पण इथंच सगळ्यात जास्त घोळही होतो. घोळाचं कारण असं की ५ − (−३) मध्ये एकाच आकाराच्या दोन आडव्या रेघा आहेत आणि त्यांची कामं वेगळी आहेत. मराठीत आपल्याकडं त्यांना दोन वेगळे शब्द आहेत, ही केवढी सोय आहे. पहिली रेघ "वजा" आणि दुसरी "उणे". वजा ही करण्याची गोष्ट, म्हणजे क्रिया. उणे हे संख्येचं राहण्याचं ठिकाण, शून्याच्या डावीकडं. "पाच वजा उणे तीन" असं नीट वाचलं तर अर्धं काम होतं. मुलं मात्र दोन्हींना "वजा" म्हणतात, किंवा "पाच मायनस मायनस तीन" म्हणतात आणि फरक पुसून जातो.

रेषेवर चालण्याची रीत अशी. पाचावर उभं राहा. बेरीज असेल तर तोंड उजवीकडं, वजाबाकी असेल तर तोंड डावीकडं. मग संख्या धन असेल तर पुढं चालायचं, ऋण असेल तर उलट्या पावलांनी मागं. ५ − (−३) साठी तोंड डावीकडं करायचं आणि तीन पावलं मागं टाकायची. डावीकडं तोंड करून मागं सरकणारा माणूस उजवीकडं जातो. तो आठावर पोचतो.

मुलांना हे फार आवडतं, पण माझ्या मते ही रीत एकटी धोक्याची आहे. हे कवायतीसारखं आहे. तोंड कुठं आणि पाऊल कुठं हे पाठ केलं की उत्तर येतं, पण तसंच का करायचं हे कुणी विचारलं तर उत्तर नसतं. म्हणून मी आधी दुसरं विचारतो. आठावर उभा राहा आणि उणे तीन मिळव. म्हणजे आठ रुपये होते, तीनाची उधारी वाढली. कुठं आलास? पाचावर. ठीक. आता नुकतं जे मिळवलंस ते परत काढ. कुठं जाशील? आठावरच जावं लागेल, दुसरी जागाच नाही. वजाबाकी म्हणजे मिळवलेलं उलटवणं. उणे तीन मिळवल्यानं आठावरचा माणूस पाचावर आला असेल, तर उणे तीन काढल्यानं पाचावरचा माणूस आठावर गेलाच पाहिजे. इथं कुणाच्या मर्जीनं नियम ठरलेला नाही. कवायत या उत्तराला जुळते म्हणून ती बरोबर आहे.

ज्यांना हेही पटत नाही त्यांना मी एक यादी लिहायला लावतो. ५ − २ = ३. ५ − १ = ४. ५ − ० = ५. काढायची संख्या एकेक कमी होत गेली की उत्तर एकेक वाढतं. आता शून्याच्या खाली उतरा. ५ − (−१), ५ − (−२), ५ − (−३). उत्तरं पाचाहून वाढतच जाणार, ६, ७, ८. शून्यापाशी आल्यावर ती अचानक उलटी फिरतील, असं मानायला काही कारण नाही.

आता चुकीचं बोलतो, कारण या गणितात मुलं नेमक्या कुठं पडतात हे वहीत स्पष्ट दिसतं. "उणे उणे अधिक" हे वाक्य प्रत्येकाला पाठ असतं आणि तेच घात करतं. −५ − ३ दिसलं की निम्मा वर्ग ८ लिहितो. दोन रेघा आहेत ना, मग अधिक! पण इथं दुसरी रेघ "वजा" आहे आणि जे काढायचं ते अधिक तीन आहे. पाचाची उधारी आहे आणि वर तीन रुपये गेले, तर माणूस उणे आठावर जाईल. तो आठ रुपयांचा धनी कसा होईल? ते वाक्य मुळात गुणाकाराचं आहे, ऋणाला ऋणानं गुणलं तर धन. वजाबाकीत ते तेव्हाच कामाला येतं जेव्हा दोन रेघा लागोपाठ एकाच संख्येच्या मागं असतात. दोन संख्यांच्या आपापल्या रेघा असतील तेव्हा ते वाक्य तोंडातून काढूच नये.

दुसरी चूक याहून सूक्ष्म आहे. उधारी गेली की वाढ होते, हे समजलेलं मूल −५ − (−३) चं उत्तर २ लिहितं. वाढ व्हायला हवी, म्हणून त्यानं धन उत्तर केलं. पण वाढणं म्हणजे शून्याच्या पलीकडं जाणं नव्हे. पाचाची उधारी होती, तीनाची गेली, अजून दोनाची आहे. उत्तर उणे दोन. तो उजवीकडं सरकला, पण शून्याच्या अलीकडंच राहिला. वर सांगितलेल्या शेतकऱ्याचं दीड लाखाऐवजी फक्त एक लाख माफ झालं असतं तर तोही उणे ३०,००० वर राहिला असता. तपासणीची सोपी खूण अशी की आलेल्या उत्तरात काढलेली संख्या परत मिळवायची. −२ मध्ये −३ मिळवले, −५ आले, बरोबर. २ मध्ये −३ मिळवले तर −१ येतात, म्हणजे चूक.

उधारीच्या गोष्टीला मर्यादाही आहेत. उणे दोन माकडं, उणे तीन खोल्या असं काही नसतं. बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांनीही बीजगणितात हे ओळखलं होतं. एका कळपातल्या माकडांच्या प्रश्नाला त्यांना दोन उत्तरं मिळतात, ५० आणि ५. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन कमी करायचे आहेत. पाच माकडांचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन कमी केले की उणे दोन माकडं. म्हणून ते दुसरं उत्तर टाकून देतात. दिसणाऱ्या वस्तूंची संख्या ऋण झाली तर लोकांना ती पटत नाही, असं त्यांचं म्हणणं. गणित जमत असलं तरी गोष्ट जमत नाही.

पण याच भास्कराचार्यांनी 'लीलावती'त, म्हणजे ११५० मध्ये, एक ऋण उत्तर आनंदानं स्वीकारलं आहे. (त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, कोरवलेला शिलालेख आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण इथं आहे.) प्रश्न त्रिकोणाचा आहे. दोन बाजू १० आणि १७, पाया ९. वरच्या टोकावरून लंब सोडला तर पायाचे दोन तुकडे पडतात. त्यांना आबाधा म्हणतात. त्या किती? नेहमीच्या रीतीनं काढलं तर एक येते १५. पण पाया तर फक्त ९ आहे! मग दुसरी आबाधा येते उणे ६. भास्कराचार्य सांगतात की ही ऋण आहे, म्हणजे विरुद्ध दिशेला आहे. लंब पायावर पडतच नाही, पायाच्या बाहेर, दुसऱ्या बाजूला पडतो. ऋण म्हणजे देणं हा व्यापाऱ्याचा अर्थ आणि ऋण म्हणजे उलटी दिशा हा रेषेचा अर्थ, दोन्ही एका शब्दात इथं एकत्र आले. रेषेवर पुढं-मागं चालणाऱ्या माणसाचं उदाहरण इंग्लंडमधल्या जॉन वॉलिसनं १६८५ च्या पुस्तकात दिलं. पाच यार्ड पुढं जाऊन आठ यार्ड मागं फिरलेला माणूस उणे तीनावर असतो, असं ते उदाहरण. भास्कराचार्यांचा त्रिकोण त्याच्या पाचशे वर्षं आधीचा.

तो त्रिकोण आम्ही मैदानात आखला. एका रेषेवर शून्याला खुंटी मारली, नऊ फुटांवर दुसरी. शून्याच्या खुंटीला दहा फुटांची दोरी बांधली, नवाच्या खुंटीला सतरा फुटांची, आणि दोन्ही दोऱ्यांची टोकं ताणून जिथं जुळली तिथं एक मुलगा उभा केला. मग त्या मुलापासून रेषेवर काटकोनात तिसरी दोरी आणायची होती. दुकानदाराची मुलगी दोरी घेऊन रेषेकडं निघाली. गुण्याच्या कोपऱ्यानं काटकोन बघत बघत ती शून्याच्या खुंटीच्याही पलीकडं गेली. बाकीची मुलं ओरडत होती, "अगं, इकडं, इकडं पाया!" ती थांबली ती डावीकडं सहाव्या फुटावर. दोरी मोजली, आठ फूट भरली.

"सर, हे उणे सहा," ती म्हणाली.

आता इथून नवाच्या खुंटीपर्यंत किती, असं मी विचारलं. एकानं टेप आणायला धाव घेतली. ती मात्र वाळूत बोटानं लिहित होती, नऊ वजा उणे सहा. टेप येईपर्यंत तिनं पंधरा लिहून झालं होतं. मग आठाचा वर्ग आणि पंधराचा वर्ग मिळवून २८९ आले का ते पाहिलं, आणि सतराचा वर्ग किती ते शेजारणीला विचारलं.